भांडण त्या दोघांचं, खुर्ची मात्र मधली!

प्रमोशनचं लेटर हातात पडतं तेव्हा त्यात नवा पगार असतो, नवं पोस्टिंग असतं. 'तुमच्या हाताखालचे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, तेवढं बघा' ही ओळ मात्र त्यात कुठेच नसते. ती कळते जॉइन झाल्यावर, आणि बहुतेक वेळा सगळ्यात घाईच्या आठवड्यात!

भंडारा जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत २०२५ च्या जूनमध्ये नेमकं हेच झालं. तुमसर-मोहाडीकडचा पट्टा, म्हणजे अस्सल धानाचा मुलूख. मॅनेजरबाई पुण्याच्या, वय एकतीस, पहिलीच स्वतंत्र शाखा. हाताखाली सहा माणसं. बँकेचं, शाखेचं आणि कुणाचंही नाव द्यायचं नाही या अटीवर त्यांनी मला त्यांची वही दाखवली. साधी दोनशे पानी वही, पण एका भांडणाची तारीखवार नोंद असलेली! मॅनेजमेंटच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा मला ती वही जास्त कामाची वाटली, म्हणून हा लेख.

तेवीस फायली

आधी प्रकरण समजून घेऊ. जूनमध्ये या भागात धानाचे पऱ्हे टाकतात आणि पाऊस बरा झाला की जुलैत रोवणी लागते. बियाणं, खत, चिखलणीचा ट्रॅक्टर, रोवणीच्या बायांची मजुरी, हा सगळा पैसा याच महिन्या-दीड महिन्यात लागतो. पीककर्ज तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी मिळतं आणि वेळेत फेडलं तर सवलतीनंतर चार टक्क्यांनी पडतं. ते वेळेत मिळालं नाही तर शेतकरी सावकाराकडे जातो. त्यामुळे जूनमध्ये अडकलेली फाइल ही ऑक्टोबरमध्ये अडकलेल्या फायलीसारखी नसते.

या शाखेत फायलीला दोन हात लागतात. एक कृषी अधिकारी. त्यांना आपण फील्डवाले सर म्हणू. हे जिल्ह्यातलेच, लाखांदूरकडचे. गावोगाव फिरणं, शेत बघणं, कागद गोळा करणं आणि सिस्टीममध्ये अर्ज भरणं हे त्यांचं काम. दुसऱ्या डेस्कवाल्या मॅडम, साताऱ्याच्या. सरांनी भरलेलं तपासून पुढे पाठवायचं किंवा परत करायचं. बँकेच्या भाषेत एक मेकर, दुसरा चेकर. मंजुरीची सही मॅनेजरची. एकाच माणसानं सगळं करू नये म्हणून ही रचना मुद्दामच केलेली असते. म्हणजे थोडीफार कुरबुर यात गृहीतच धरलेली आहे म्हणा ना!

बारा जून, गुरुवार. काउंटरसमोर वीसेक शेतकरी. फील्डवाल्या सरांनी फायलींचा गठ्ठा मॅडमच्या टेबलावर आपटला. "तुमाले शेतकऱ्याचं काम कराचंच नाही ना, तं तसं सांगून द्या." मॅडमही कमी नाहीत. "तुमच्यासारख्यांच्या अर्धवट कागदांमुळेच आमच्या नोकऱ्या जातात." हे सगळं लोकांदेखत. संध्याकाळी शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांनी अडकलेल्या फायलींची यादी टाकली. मॅडमनी ग्रुप सोडला. गठ्ठ्यात फायली होत्या तेवीस.

दुसऱ्या दिवशी दोघंही वेगवेगळे केबिनमध्ये आले. सरांचं म्हणणं, मॅडम तीच फाइल पुन्हापुन्हा परत करतात आणि दर खेपेला नवी चूक काढतात. त्यांना या कामातून काढा. मॅडमचं म्हणणं, अर्धवट फायली आणतात आणि वर शेतकऱ्यांना माझ्या अंगावर सोडतात. त्यांना लेखी मेमो द्या.

सोप्या वाटा दोन, दोन्ही बंद

पहिली सोपी वाट मॅनेजरबाईंना त्याच संध्याकाळी सुचली होती. अधिकार त्यांचाच होता. स्वतः फायली बघून सह्या केल्या असत्या तर गठ्ठा दोन दिवसांत संपला असता, जूनचं टार्गेटही गाठलं असतं. पण त्याचा अर्थ काय झाला असता? चेकरनं हरकत घ्यायची आणि मॅनेजरनं ती डावलायची. मॅडम पुन्हा कधी मोकळेपणानं 'ही फाइल बरोबर नाही' म्हणाल्या नसत्या. बाईंच्याच शब्दांत, "टार्गेट माझं होतं. म्हणजे फायली सुटाव्यात हा माझाही स्वार्थ होता. मी तटस्थ आहे असं म्हणण्याआधी मला तो वहीत लिहून ठेवावा लागला."

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आपण मॅनेजरच्या तटस्थपणाबद्दल बोलतो तेव्हा मनात क्रिकेटचा अंपायर असतो. पण अंपायरला कुणीही जिंकलं तरी फरक पडत नाही. मॅनेजरला पडतो. त्याची तटस्थता माणसांबद्दल असू शकते, निकालाबद्दल नाही. आणि निकालात आपलं काय गुंतलंय ते दोघांना आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यांना ते तसंही माहीत असतंच!

दुसरी सोपी वाट आपल्या सगळ्यांच्या आवडीची. दोघांना बोलवायचं, चहा मागवायचा, 'दोघांचंही थोडं थोडं चुकलं, आता हात मिळवा' म्हणायचं. हिचा घोळ असा की यात कुणाची कुठली चूक हे कुणीच तपासत नाही. ज्याची बाजू खरी असते त्याला वाटतं, माझं खरं असून मला अर्ध्यावर आणलं. ज्याची खोटी असते त्याला अर्धं फुकट मिळतं. पुढच्या वेळी दोघंही दुपटीनं ताणतात, कारण साहेब मध्येच तोडणार हे आता कळलेलं असतं.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीनं १९२५ साली याच विषयावर एक निबंध वाचला होता. त्यातला प्रसंग अगदी साधा आहे. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी, बाईंना बंद. खिडकी अर्धी उघडली असती तर दोघंही नाराज झाले असते. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्या माणसाला त्याच खिडकीचा हट्ट नव्हता, हवा हवी होती. बाईंचाही हवेला विरोध नव्हता, उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता. शंभर वर्षं झाली, तरी ऑफिसातल्या बहुतेक भांडणांत आपण आजही खिडकी किती इंच उघडायची यावरच तास घालवतो.

आधी हे मिटवायचं भांडण आहे का?

प्रत्येक भांडण मॅनेजरनं मिटवायचं नसतं. काही भांडणं मिटवायला बसणं हाच अन्याय असतो. बाईंनी सोमवारी-मंगळवारी दोघांना वेगवेगळं भेटून पहिला प्रश्न हाच विचारला. "कामाच्या पलीकडचं काही आहे का? बोलण्यात, वागण्यात, मेसेजमध्ये?"

कारण एक बाजू बाई आणि दुसरी पुरुष असताना मामला लैंगिक छळाचा निघाला असता, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तो अंतर्गत समितीचा विषय झाला असता. तिथे समेट करता येतो, पण तो तक्रारदार बाईनं स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या मोबदल्यावर नाही. मॅनेजरनं 'जाऊ द्या ना, मिटवून टाकू' म्हणणं तिथे बसतच नाही. तसंच जातीवरून अपमान, खोटी सही, कॅशमधली तूट. यांची चौकशी होते, मध्यस्थी नाही.

म्हणूनच बाईंनी 'हे तुमच्या-माझ्यात राहील' असं वचन कुणालाच दिलं नाही. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "तुम्ही सांगाल ते मी दुसऱ्यांना तुम्हाला विचारल्याशिवाय सांगणार नाही. पण चौकशीचं काही निघालं तर मला वर कळवावंच लागेल." दोघांनीही तसं काही नाही म्हणून सांगितलं. भांडण कामाचंच होतं.

चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं

या वेगळ्या भेटींत एक गंमत झाली. गंमत कसली, धोकाच. शुक्रवारी दोघं आपणहून आले तेव्हा सर वीस मिनिटांत उठले होते आणि मॅडम जवळपास तासभर बसल्या होत्या. बाईंनी संध्याकाळी वहीत वेळ लिहिली तेव्हा त्यांच्या हे लक्षात आलं. मॅडम साताऱ्याच्या, बाई पुण्याच्या. बोलण्याची लय एक. सर 'करून राहिलो', 'जाच आहे' असं बोलतात. त्यात काय अवघड आहे? काहीच नाही. पण आपल्या लयीत बोलणाऱ्याचं बोलणं आपण लांबू देतो आणि दुसऱ्याच्या बोलण्यात 'म्हणजे थोडक्यात...' असं घालतो. वर दोघी एकाच घरात वरच्या-खालच्या मजल्यावर भाड्यानं राहतात आणि बऱ्याचदा एकाच स्कूटीवरून शाखेत येतात. सगळ्या स्टाफला हे दिसत होतं.

मग सोमवारी-मंगळवारी त्यांनी वेळ बांधली. प्रत्येकाला चाळीस मिनिटं, तीच खोली, तेच चार प्रश्न. काय झालं? त्याचा तुमच्या कामावर काय परिणाम होतो? दुसऱ्याची बाजू काय असेल असं वाटतं? आणि उद्यापासून नेमकं काय वेगळं झालं तर चालेल? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहायची, शेवटी वाचून दाखवायची, 'असंच म्हणालात ना?' असं विचारायचं. सरांनी दोन जागी दुरुस्ती सांगितली. मॅडमनी एक वाक्य काढायला लावलं.

स्कूटीचं काय केलं? मला वाटलं होतं, बंद केली असणार. तर नाही! "अचानक बंद करणं म्हणजे तिच्या विरुद्ध गेल्यासारखं झालं असतं. मी सरांना सरळ सांगितलं, आम्ही एका घरात राहतो हे तुम्हाला माहीत आहे. फायलींबद्दल घरी एक शब्द होणार नाही. मॅडमलाही त्याच दिवशी तेच सांगितलं." सर त्यावर एवढंच म्हणाले, "बरं झालं तुमीच सांगितलं, मॅडम."

चार प्रश्नांतला तिसरा सगळ्यात कामाचा निघाला. सर म्हणाले, "त्यायले ऑडिटचं भेव असन." मॅडम म्हणाल्या, "त्यांना गावातले लोक रस्त्यात अडवत असतील." म्हणजे दोघांना एकमेकांची अडचण माहीत होती. नुसती कबूल नव्हती! ऑडिटची भीती तर खरीच होती. आधीच्या शाखेत एका सातबारावर दुसऱ्या बँकेचा बोजा असताना फाइल पुढे गेली होती आणि मॅडमकडून लेखी खुलासा मागवला गेला होता. त्यानंतर त्या कागद वाचत नाहीत, कागदावर पहारा देतात.

वहीतला तक्ता

बुधवारी शाखा बंद झाल्यावर बाई तेवीस फायली घेऊन एकट्याच बसल्या. एका पानावर रकाने आखले. फाइल कधी आली, कधी परत गेली, काय कारण लिहिलं, पुन्हा कधी आली. माणसांची बाजू ऐकल्यावर कागदाची बाजू ऐकणं ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण ती कंटाळवाणी आहे.

निघालं ते असं. नऊ फायलींत सामाईक खातेदारांची संमती नव्हती. सातबारावर भाऊ-बहिणी, काका यांची नावं एकत्र आणि सही मात्र एकाचीच. सहा फायलींत आधार कार्डावरचं नाव आणि सातबारावरचं नाव जुळत नव्हतं. म्हणजे पंधरा ठिकाणी मॅडमची हरकत बरोबर होती. पण पाच फायली दोनदा परत गेल्या होत्या आणि दुसऱ्या वेळची चूक पहिल्या वेळीही कागदावर होतीच. मॅडम पहिली चूक दिसली की तिथेच थांबून फाइल परत करत होत्या. गठ्ठा मोठा, म्हणून त्यांच्या दृष्टीनं वेळ वाचत होता. सरांच्या दृष्टीनं एका सहीसाठी पुन्हा गावाला जाणं आणि बांधीत काम करणाऱ्या माणसाला शोधणं. उरलेल्या तीन फायलींत काहीच चूक नव्हती. त्या नुसत्या गठ्ठ्याच्या तळाशी होत्या.

आणि एक गोष्ट बाईंनाही नको असलेली निघाली. जुन्या कर्जाच्या नूतनीकरणालाही ताजी संमती घ्या, असं त्यांच्या बँकेचं सर्क्युलर मे महिन्यात शाखेच्या मेलवर आलं होतं. बाईंनी ते डेस्ककडे फॉरवर्ड केलं होतं. फील्डकडे केलंच नव्हतं. नऊपैकी सात फायली नूतनीकरणाच्या होत्या. ज्या नियमावरून सरांना बेफिकीर ठरवलं जात होतं, तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता!

तीन खुर्च्या, एक टेबल

एकवीस जून, महिन्याचा तिसरा शनिवार. कॅश मिळाल्यावर तिघं बसले, केबिनमध्ये नाही तर डबा खायच्या टेबलाशी. मॅनेजरच्या टेबलापलीकडे दोन खुर्च्या मांडल्या की आपोआप कोर्ट तयार होतं. फोन ड्रॉवरमध्ये.

बाईंनी सुरुवात सर्क्युलरपासून केली. "हे माझ्याकडून राहिलं." त्यानं एक झालं, चूक कबूल केल्यावर काय होतं हे दोघांना समोर दिसलं. मग दुसरी गोष्ट स्पष्ट केली. संमतीचा नियम, नावं जुळण्याचा नियम यावर इथे बोलणी होणार नाहीत. सरांना कामातून काढणं, मॅडमना काढणं, मेमो, यातलंही काही होणार नाही, कारण तक्त्यात त्याला आधार नाही. बोलायचं ते फक्त काम कसं करायचं यावर.

पद्धत अशी होती की एकानं पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त लिहायचं. मग ऐकणाऱ्यानं बोलणाऱ्याचं म्हणणं पुन्हा सांगायचं आणि बोलणारा 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ऐकायला बालवाडीसारखं वाटतं ना? सरांनाही वाटलं. पहिल्या खेपेला ते म्हणाले, "मॅडमचं म्हणणं असं आहे का त्या लई हुशार आहेत." बाईंनी आवाज न चढवता थांबवलं. "हे त्या बोलल्या नाहीत. परत सांगा." दुसऱ्या खेपेला जमलं. "फाइलवर त्यायच्या आयडीचा शिक्का आहे. उद्या काही निघालं तं विचारणार त्यायलेच." मॅडम बराच वेळ गप्प बसल्या आणि मग 'हो' म्हणाल्या.

मॅडमची पाळी आली. "तुमचं म्हणणं, एका सहीसाठी तुम्हाला परत साठ किलोमीटर गाडी हाकावी लागते." सर म्हणाले, "साठ नाही जी, पन्नास." आणि तिघंही हसले. वहीत या जागी बाईंनी फक्त वेळ लिहिली आहे, पाच वाजून चाळीस मिनिटं.

त्यानंतरचा अर्धा तास निव्वळ कामाचा होता. ठरलं ते असं. मॅडम फाइल शेवटपर्यंत वाचतील आणि सगळ्या त्रुटी एकदम, एकाच कागदावर, कामाच्या दोन दिवसांत देतील. त्यानंतर नवी हरकत निघाली तर ती सरांकडे नाही, लेखी मॅनेजरकडे जाईल. सर फायली सोमवारी आणि गुरुवारी अकराच्या आत देतील आणि शेतकऱ्याला मॅडमच्या काउंटरवर पाठवणार नाहीत. आठवड्याला तीन फायली 'अर्जंट', त्या मॅनेजर ठरवतील. सर्क्युलर आलं की दोघांना एकाच मेलवर. ग्रुपवर कुणाच्याही फायलींची यादी नाही.

माफीचं काय? लोकांदेखत बोललेलं दोघांच्याही मनात होतं. बाईंनी माफी मागायला लावली नाही. त्या एवढंच म्हणाल्या की पुन्हा ग्राहकांसमोर असं झालं तर तो भांडणाचा नाही, शिस्तीचा मामला होईल, आणि तो दोघांनाही सारखाच लागू होईल. मला विचाराल तर हे योग्यच. साहेबांसमोर ओढून काढलेली माफी दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये नकलेचा विषय होते.

संध्याकाळी दोघांना एकच मेल गेला. तेच शब्द, दोघांची नावं 'प्रति' मध्ये, मराठी वर्णमालेच्या क्रमानं. हसू नका, मेलमध्ये कुणाचं नाव आधी हेसुद्धा वाचणारे वाचतात!

पंधरा दिवसांनी

पाच जुलैला तिघं पुन्हा बसले. ही बैठक एकवीस तारखेलाच ठरवून ठेवली होती. नाहीतर 'आता बरं चाललंय' म्हणून ती कधीच होत नाही आणि जुनं पुन्हा सुरू झालं की मॅनेजरला ते सगळ्यात शेवटी कळतं.

तेवीसपैकी एकोणीस शेतकऱ्यांचे पैसे खात्यात गेले होते. दोन फायली अडून होत्या, कारण नागपुरातला भाऊ सही द्यायला तयार नव्हता. तिथे शाखेतल्या कितीही बैठकांनी काही होण्यासारखं नव्हतं, ते त्या घरातलं भांडण. दोघांनी अर्ज मागे घेतले. त्यातल्या एकानं पैसे दुसरीकडून उचलले होते. कुठून, ते त्यानं सांगितलं नाही आणि सरांनीही विचारलं नाही.

मॅडमनी दोन दिवसांची मुदत तीन वेळा चुकवली होती. सरांनी एकदा गुरुवारऐवजी शुक्रवारी फायली आणल्या होत्या. बाईंनी दोन्ही वाचून दाखवलं, एकाच आवाजात. मॅडमनी दोनऐवजी तीन दिवस मागितले. सर म्हणाले, रोवणी होईपर्यंत दोनच ठेवा, मग तीन करा. तसं लिहिलं गेलं.

दोघांची मैत्री झाली का? नाही. डबा अजूनही वेगवेगळ्या वेळी खातात. मॅडम ग्रुपवर परत आल्या, पण म्यूट करून. आणि त्याच बैठकीत तिसरी अर्जंट फाइल कुणाची यावरून त्यांचं पुन्हा वाजलं. चांगली दहा मिनिटं! बाईंनी वहीचं नवं पान उघडलं आणि वर तारीख घातली.